न दिसणारा समुद्र रेंडरमध्ये दाखवायला नाही म्हणायचा मेल

प्रश्न: नाशिकमध्ये फ्रीलान्स थ्रीडी व्ह्यूज करतो. एका क्लायंटचा कोकणात प्लॉट आहे, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत आणि मध्ये डोंगर. बाल्कनीच्या रेंडरमध्ये समोर समुद्र दाखवा म्हणतोय, ड्रोनचा फोटो पाठवलाय त्यात समुद्र दिसतो खरा. मला ते करायचं नाहीये पण कामही घालवायचं नाहीये. नाही म्हणणारा मेल कसा लिहू?

उत्तर:

मेल आज रात्री लिहू नका. आधी एक दिवस घेऊन समुद्र दिसत नाही हे स्वतःला पक्कं करून घ्या, कारण आत्ता तुमच्याकडे "मला बरोबर वाटत नाही" एवढंच आहे आणि समोरच्याकडे फोटो आहे. फोटोसमोर वाटण्याला काही किंमत नसते. क्लायंट म्हणणार हा बघा समुद्र, आणि तुम्ही तत्त्वाच्या गोष्टी सांगत बसणार, मग तो म्हणणार हा पोरगा फार शहाणा दिसतोय. माझ्या मते अशा प्रकरणात ऐंशी टक्के काम मेलच्या आधीचं असतं, मेल नंतर दहा-बारा ओळीत आटपतो.

माझ्याकडे मागच्या वर्षी जवळपास असंच काम आलं होतं म्हणून तेच सांगतो. पार्टी नाशिकचीच, गंगापूर रोडला ऑफिस, दापोली तालुक्यात जमीन घेतलेली, सहा बंगल्यांची स्कीम, तळमजला अधिक दोन. चार व्ह्यूज ठरलेले, त्यातला चौथा दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, कॉफीचा कप, वेताची खुर्ची आणि काचेच्या रेलिंगपलीकडे समुद्र. रेफरन्स म्हणून कुठल्यातरी परदेशी व्हिलाचा फोटो आणि त्याच्यासोबत ड्रोनचा फोटो. ड्रोनचा फोटो एकदम झकास होता, खाली प्लॉट, पुढे हिरवागार डोंगर, त्याच्यामागे निळा पट्टा.

ड्रोनच्या फोटोत समुद्र दिसतो यात फोटोची चूक काहीच नाही, तो कुठून काढलाय एवढंच बघायचं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो उपयोगाचा नाही, त्यात आतली माहिती उडालेली असते. ड्रोनवाल्याकडून मूळ फाइल मागा, मेलने किंवा ड्राइव्हवर. डीजेआयचा ड्रोन असेल तर फाइलच्या मेटाडेटात `RelativeAltitude` नावाचा आकडा असतो, म्हणजे जिथून उडवला तिथपासून किती मीटर वर. माझ्या फाइलमध्ये तो 110 होता. एकशे दहा मीटर! दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा किती उंचीवर असतो? जोतं 0.6 मीटर, वर तीन-तीन मीटरचे दोन मजले म्हणजे 6, आणि उभ्या माणसाच्या डोळ्याचे 1.5, झाले 8.1. बसलेल्याचा त्याहून कमीच, पण मी उभ्याचा धरतो, क्लायंटला झुकतं माप दिलेलं बरं. म्हणजे फोटो काढणारा आणि बंगला घेणारा यांच्यात शंभर मीटरचा फरक. एक गोष्ट मात्र बघून घ्या, हा आकडा उडवलेल्या जागेपासूनचा असतो. ड्रोन प्लॉटवरून न उडवता वरच्या रस्त्यावरून उडवला असेल तर हिशोब बदलतो, तेव्हा ड्रोनवाल्याला विचारा की बाबा उडवलास कुठून.

आता डोंगराचा हिशोब. क्लायंटकडून गट नंबर आणि मोजणीचा नकाशा घ्या, गुगल मॅपवरची पिन घेऊ नका, ती बऱ्याचदा गावाच्या पाटीवर टाकलेली असते. गुगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर उघडून प्लॉटपासून पश्चिमेला किनाऱ्यापर्यंत सरळ रेघ मारा, ती पाथ म्हणून सेव्ह करा, डाव्या यादीत तिच्यावर राइट क्लिक करून Show Elevation Profile. खाली जमिनीचा चढउतार दिसतो, माउस फिरवला की अंतर आणि उंची कळते. फक्त एकच रेघ मारून थांबू नका. बाल्कनीतून माणूस नाकासमोरच बघतो असं नाही, डोंगराला खिंड असते, खाडीचं तोंड असतं, तिथून एखादी फट निघू शकते. मी पाच रेघा मारतो, बाल्कनीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पंख्यासारख्या.

माझ्या केसमध्ये प्लॉट समुद्रसपाटीपासून 42 मीटरवर, प्लॉटपासून 600 मीटरवर जांभ्याचा सडा, त्याचा माथा 78 मीटर, आणि किनारा 1.8 किलोमीटरवर. बाल्कनीतला डोळा 42 अधिक 8.1 म्हणजे साधारण 50 मीटरवर. माथा डोळ्यापेक्षा 28 मीटर वर. सड्यावर काजू, ऐन वगैरे झाडं दहा मीटरपर्यंतची आहेत ती वेगळीच. गच्चीवर चढलं तरी डोळा 53 वर जातो, काही फरक नाही. पाचही रेघांना हाच प्रकार.

इथे क्लायंटचा नेहमीचा मुद्दा येतो की "अहो समुद्र केवढा मोठा असतो, डोंगराच्या वरून थोडा तरी दिसेलच". त्याचं उत्तर पाठ करून ठेवा. समुद्र कितीही मोठा असला तरी तो डोळ्याच्या रेषेच्या वर कधीच चढत नाही. क्षितिजाकडे बघणारी नजर जवळजवळ आडवी असते, किंचित खालीच जाते. नव्वदेक मीटर उंचीवरून बघितलं तर किलोमीटरला पाचेक मीटर एवढीच उतरते. म्हणजे मधला डोंगर डोळ्यापेक्षा उंच असेल तर मागचा समुद्र झाकलाच जाणार, अरबी समुद्र असो नाहीतर अजून काही. समुद्राची पहिली निळी रेघ दिसायला डोळा कुठे पाहिजे तेही काढलं मी. माथा 78, झाडं 10, झाले 88, आणि 600 मीटरमधला नजरेचा उतार साधारण 3, म्हणजे 91 मीटर. प्लॉट 42 वर आहे, तर जमिनीपासून 49 मीटर वर जायला लागेल, म्हणजे सोळाव्या मजल्याची बाल्कनी. स्कीम दोन मजल्यांची. हा सोळाव्या मजल्याचा आकडा मेलमध्ये फार कामाला येतो, त्यावर कोणी वाद घालत नाही, उलट हसतात.

याच्यात एक मर्यादा आहे ती लक्षात ठेवा. गुगल अर्थची उंची काही मीटरने इकडेतिकडे असू शकते, दाट झाडी असेल तर जास्तच. माझ्याकडे 28 मीटरचा फरक होता म्हणून मी बिनधास्त होतो. तुमच्याकडे फरक तीन-चार मीटरचा निघाला तर प्रोफाइलवरून निकाल देऊ नका, दोन्ही बाजूंनी चुकू शकता. मग एकच उपाय, आणि खरं तर तोच सगळ्यात चांगला उपाय आहे, ज्या ड्रोनवाल्याने 110 मीटरवरून फोटो काढला त्यालाच परत पाठवून 8 मीटरवरून आणि 11 मीटरवरून पश्चिमेकडे तोंड करून फोटो काढायला सांगा. 8 म्हणजे दुसऱ्या मजल्याची बाल्कनी, 11 म्हणजे गच्ची. बंगल्याच्या जागेवर उभं राहून उडवायचा. ड्रोन नसेल तर गवंड्याची उंच शिडी आणि मोबाइल. हे फोटो आले की वाद संपतो, आणि वर तुम्हाला बाल्कनीच्या रेंडरसाठी खरी बॅकप्लेट फुकटात मिळते.

आता समजा डोंगर नसताच, तरी क्लायंटच्या डोक्यातला समुद्र आला असता का? तेही नाही. 50 मीटर उंचीवरून 1.8 किलोमीटरवरचा किनारा बघितला तर पाण्याचा पट्टा फार बारीक दिसतो. 24 एमएमच्या लेन्सने फोर के इमेज काढली, 3840 बाय 2160, तर सगळा समुद्र किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत साधारण 60 पिक्सेलच्या पट्टीत मावतो. रेफरन्समध्ये समुद्राने निम्मी फ्रेम भरलेली असते कारण तो बंगला कड्याच्या टोकावर असतो. म्हणजे जिथे खरोखर दूरचा समुद्र दिसतो तिथेसुद्धा तो ओढून मोठा करायची मागणी येतेच, आणि तिथे "दिसतो ना पण" म्हणून आपण फसतो. पट्टी दिसत असेल तर पट्टी दाखवा, कॅमेरा खऱ्या उंचीवर, लेन्स बदलून मागचं जवळ आणायचं नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण दर वेळी नाहीच म्हणायचं असं माझं म्हणणं नाही. कोणी स्वतःच्या राहायच्या घराचा व्ह्यू करून घेत असेल आणि त्याला हौस म्हणून खिडकीत समुद्र पाहिजे असेल तर द्या बिनधास्त, तो स्वतःलाच फसवतोय, त्याच्या पैशाने. इमेज विक्रीला जाणार असेल तर मात्र बात वेगळी. मी साधा प्रश्न विचारतो, ही गोष्ट बघून घेणारा जास्त पैसे मोजेल का आणि ती त्याला मिळणार आहे का? संध्याकाळचं सोनेरी आकाश टाकतो मी, रोज नसतं पण प्रत्येक प्लॉटवर कधीतरी येतं. झाडं पाच वर्षांनी वाढतील तशी दाखवतो, फक्त तीच जी लँडस्केपच्या ड्रॉइंगमध्ये आहेत. समोरून जाणाऱ्या विजेच्या तारा? त्या पूर्वी काढायचो, आता ठेवतो, निदान एका व्ह्यूमध्ये तरी. समुद्राचं म्हणाल तर कोकणातल्या सेकंड होमच्या भावात समुद्र दिसणं हाच मोठा हिस्सा असतो, तो सजावटीत धरता येत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं बरं का. धंदा सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडच्या एका स्कीमचे व्ह्यूज केले होते. तिथे पाणी खरंच दिसायचं. मी साइटवर गेलो होतो सप्टेंबरच्या शेवटी, धरण काठोकाठ, तसंच पाणी रेंडरमध्ये टाकलं, वर थोडं अजून जवळ आणलं कारण क्लायंटने "जरा पुढे घ्या" म्हटलं. बुकिंग झालेली एक फॅमिली पुढच्या मे महिन्यात नातेवाइकांना दाखवायला घेऊन गेली तर पाणी कुठल्या कुठे मागे सरकलेलं, मध्ये नुसता चिखल सुकलेला आणि त्यात बांधलेल्या म्हशी. त्यांनी होर्डिंगवरची माझी इमेज मोबाइलवर धरून साइटवर व्हिडिओ काढला. बिल्डरने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की "थ्रीडीवाल्याने असं केलं". मला फोनवर दिलेल्या सूचनेचा कुठेही पुरावा नव्हता. शेवटचा हप्ता बुडाला तो बुडालाच, पण त्या घरातल्या आजोबांनी मला फोन करून विचारलं की तुम्ही स्वतः गेला होता ना तिथे, मग तुम्हाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. नाशिकमध्ये राहणाऱ्याला धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं हे माहीत नसतं असं कोण म्हणेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, मी वकील नाही. रेरा कायदा 2016 चा, त्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर प्रमोटरने भरपाई द्यायची, आणि घेणाऱ्याला बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. जाहिरातीच्या व्याख्येत कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी येते, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरवलेलं रेंडर सुटत नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "कलाकाराची कल्पना" असं खाली बारीक अक्षरात लिहिलं की सुटलो असं सगळ्यांना वाटतं, पण 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की डिस्क्लेमरने दिशाभूल करणारा दावा दुरुस्त होत नाही. यात मुख्य जबाबदारी बिल्डरची असते, आपली थेट किती हे प्रकरणावर. पण हे सगळं माहिती म्हणून डोक्यात ठेवा, पहिल्या मेलमध्ये कलमं लिहू नका. नोटीस आल्यासारखं वाटतं आणि मग तो वकिलाला फोन करतो, तुम्हाला नाही.

मेलच्या आधी फोन करा. आपल्याकडे असं आहे की थेट लेखी नकार गेला तर माणूस दुखावतो, "फोन करून सांगता आलं नसतं का" हे ऐकायला लागतं. फोनवर एवढंच सांगा की सर, साइटच्या उंच्या तपासल्या, चौथ्या व्ह्यूबद्दल थोडं बोलायचं होतं, डिटेल मेल करतो. वाद फोनवर घालू नका. मग तासाभरात मेल. मी पाठवलेला मेल थोडी नावं-गावं काढून जसाच्या तसा देतोय:

> विषय: व्ह्यू क्र. 4 (बाल्कनी), समोरचा देखावा आणि पर्याय
>
> नमस्कार सर,
>
> मघाशी फोनवर बोललो त्याप्रमाणे. व्ह्यू 1 ते 3 चं काम ठरल्याप्रमाणे चालू आहे, ड्राफ्ट शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो.
>
> व्ह्यू 4 साठी मी मोजणीच्या नकाशावरून प्लॉट आणि किनारा यांच्यामधल्या उंच्या तपासल्या, सोबत प्रोफाइल जोडली आहे. प्लॉट साधारण 42 मीटरवर आहे, मधला सडा 78 मीटरवर, आणि दुसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्याचा डोळा 50 मीटरवर येतो. त्यामुळे बाल्कनीतून किंवा गच्चीवरून समुद्र दिसत नाही. तो दिसायला सोळाव्या मजल्याएवढी उंची लागेल. आपण पाठवलेला ड्रोन फोटो 110 मीटरवरचा आहे, म्हणून त्यात समुद्र दिसतो.
>
> ही इमेज विक्रीच्या ब्रोशरमध्ये जाणार असल्यामुळे बाल्कनीतून समुद्र दाखवणारा व्ह्यू मी करू शकणार नाही.
>
> त्याऐवजी दोन पर्याय आहेत, दोन्ही ठरलेल्या रकमेतच करतो. (अ) त्याच बाल्कनीतून संध्याकाळच्या उजेडात सड्याचा उतार आणि झाडी, साइटवरच्या खऱ्या फोटोवर. (आ) आपल्या ड्रोन फोटोवर स्कीम बसवून वरून दिसणारा व्ह्यू, त्यात समुद्र येईल, पण इमेजवरच "ड्रोनमधून, 110 मीटर उंचीवरून" आणि किनाऱ्याचं रस्त्याने अंतर मोठ्या अक्षरात असेल.
>
> पर्याय (अ) साठी ड्रोनवाल्यांकडून 8 मीटर उंचीवरून पश्चिमेचा फोटो मिळाला तर बरं होईल. माझ्या हिशोबात चूक असेल तर त्याच फोटोत दिसून येईल, आणि तसं असेल तर जेवढा समुद्र दिसतोय तेवढा मी आनंदाने दाखवीन.
>
> कोणता पर्याय घ्यायचा ते बुधवारपर्यंत कळवलंत तर तारीख पुढे जाणार नाही. दोन्ही नको असतील तर व्ह्यू 4 कोटेशनमधून वगळतो आणि त्याचा अॅडव्हान्स बिलात वळता करतो.
>
> आपला,

आता हा असा का लिहिला ते सांगतो. पहिल्या परिच्छेदात बाकीचं काम चालू आहे हे येतं कारण असा मेल उघडल्यावर क्लायंटच्या मनात पहिली भीती तीच असते की हा काम अडवून बसणार. नकार एकाच वाक्यात आहे आणि त्यात "करू शकणार नाही" आहे. "जमेल असं वाटत नाही", "थोडं अवघड आहे" असं लिहिलं की समोरचा ते भाव वाढवायचं निमित्त समजतो, मला एकदा उत्तर आलं होतं की किती एक्स्ट्रा पाहिजेत ते सांगा. आणि त्या वाक्यात कारण इमेजच्या वापराचं दिलंय, त्याच्या हेतूचं नाही. "फसवणूक", "खोटं", "नैतिक" हे शब्द अख्ख्या मेलमध्ये नाहीत बघा. त्याने कदाचित खरंच ड्रोनचा फोटो बघून समुद्र दिसतो असं धरलं असेल, जमीन विकणाऱ्या एजंटने त्यालाच तसं सांगितलं असेल. माझ्या केसमध्ये नेमकं तेच झालेलं होतं, हे नंतर कळलं.

चुकीची शक्यता कबूल करणारं ते 8 मीटरच्या फोटोचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने वाद तुमच्या-त्याच्यात राहत नाही, फोटोवर जातो. आणि तो फोटो काढायचा त्याच्या हातात आहे. फोटो काढून घेतला तर कळतं, नाही काढला तर त्यालाही आतून उत्तर माहीत आहे असं समजा.

पर्याय (आ) बद्दल जरा सावध. वरून दिसणाऱ्या व्ह्यूमध्ये समुद्र खराच असतो, पण तोच फोटो ब्रोशरच्या कव्हरवर "सी व्ह्यू" शब्दासकट गेला की परत तेच. म्हणून उंची आणि अंतर मी इमेजच्या आतच टाकतो, खालच्या पट्टीवर नाही, कारण पट्टी डिझायनर पहिल्यांदा कापतो. अंतर रस्त्याने मोजलेलं द्या. नकाशावर सरळ रेघेत 1.8 किलोमीटर होतं आणि गाडीने सड्याला वळसा घालून पाचच्या वर, हे घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्लॉट आहेत.

फोनवर बोलताना क्लायंटला द्यायला अजून एक गोष्ट असते ती म्हणजे प्लॉट आत असल्याचा फायदा. किनाऱ्यालगतच्या जमिनीला भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात, तुमचा प्लॉट त्याच्या बाहेर आहे. खाडी जवळून जात असेल तर मात्र वेगळं बघायला लागतं, तेव्हा ठामपणे सांगण्याआधी नकाशा बघा. माझा क्लायंट या मुद्द्यावर एकदम खुलला, कारण त्याच्या सेल्सच्या पोरांना समुद्राऐवजी बोलायला काहीतरी पाहिजेच होतं.

उत्तरं काय येतील? "सगळेच दाखवतात" हे येणारच. त्यावर मी वाद घालत नाही, "हो सर, बरेच दाखवतात, मी नाही करत" एवढंच. "खाली टीप टाकू" आलं तर वरचं डिस्क्लेमरचं तोंडी सांगतो, तेव्हा कायदा काढायला हरकत नाही. "मग दुसऱ्याकडून करून घेतो" आलं तर करू द्या, फक्त एक काळजी घ्या. तुमच्या बाल्कनीच्या रेंडरला मागे समुद्र चिकटवणं हे फोटोशॉपमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, विशेषतः तुम्ही पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी किंवा लेयर्सची फाइल दिली असेल तर. अशा जॉबला मी फक्त सपाट जेपीजी देतो आणि डिलिव्हरीच्या मेलमध्ये एक ओळ टाकतो की मागचा परिसर बदलून वापरल्यास ती इमेज माझं काम म्हणून धरू नये. जेपीजीवरही कापून चिकटवता येतंच, त्याला इलाज नाही, पण मूळ इमेज तारखेसकट तुमच्या सेंट मेलमध्ये असते. त्या म्हशींच्या वेळी माझ्याकडे एवढं जरी असतं तरी पुरलं असतं.

आणि पुढच्या कोटेशनपासून एक ओळ घालायला लागा: "खिडकी, बाल्कनी व गच्चीतून दिसणारा परिसर साइटवरील फोटो व उंचीनुसार दाखवला जाईल." मी घालतो तेव्हापासून असा मेल लिहायची वेळ दोनदाच आली, त्यातली एक ही. कोटेशनवर सही करताना कोणी ती ओळ वाचत नाही, पण नंतर त्या ओळीकडे बोट दाखवता येतं आणि नकार तुमच्या मर्जीचा राहत नाही.

माझ्या केसमध्ये दोन दिवस काहीच उत्तर नव्हतं, ते दोन दिवस वाईट गेले हे खरं, व्ह्यू 1 चे मटेरियल लावताना अर्धं लक्ष फोनकडे. तिसऱ्या दिवशी 8 मीटरचा फोटो आला, सोबत मजकूर काही नाही, नुसता फोटो. समोर सडा, त्याच्यावर काजूची झाडं, बस. मी तोच पर्याय (अ) समजून काम सुरू केलं. ब्रोशरमधून "सी व्ह्यू" गेलं आणि "समुद्राजवळ" आलं, त्यावर मी काही बोललो नाही, किलोमीटर लिहिलेले होते. पेमेंट आठ दिवस उशिरा आलं पण पूर्ण आलं. ड्रोनच्या वाढीव फेरीचे पैसे कोणी द्यायचे यावर मात्र थोडी कुरबुर झाली, तेव्हा तुम्ही ते आधीच फोनवर बोलून घ्या.

तुमच्या प्लॉटची उंची आणि मधल्या डोंगराची उंची काढली की इथे टाका, आणि बाल्कनीचं तोंड नक्की कुठल्या दिशेला आहे तेही. माझ्या त्या सहा बंगल्यांपैकी दोघांच्या बाल्कन्या चक्क दक्षिणेला होत्या, डोंगर नसता तरी समोर शेजाऱ्याचीच भिंत आली असती.